मांडीत टोचलेलं अ‍ॅड्रेनलिन

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन शिरेतून सुरू होताच प्रौढ रुग्णाच्या अंगावर गांधी उठतात, छातीत घरघर होते, वरचा रक्तदाब 70 वर येतो. औषध थांबवा, रुग्णाला आडवं ठेवा आणि 1:1000 अ‍ॅड्रेनलिनचं 0.5 मिलीलिटर मांडीच्या बाहेरच्या स्नायूत द्या. रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा-1 रिसेप्टरमुळे सैलावलेल्या, पाझरणाऱ्या वाहिन्या आवळतात. रक्तदाब चढतो, घशाची सूज उतरते. बीटा-1 मुळे हृदयाचे ठोके जलद आणि जोरकस होतात. बीटा-2 मुळे श्वासनलिका तर मोकळ्या होतातच, शिवाय मास्ट पेशींतून हिस्टामिन सुटणंही कमी होतं. हे अ‍ॅव्हिलला जमत नाही, म्हणून आधी अ‍ॅव्हिल शोधत बसणं घातक. पाच मिनिटांत सुधारणा नसेल, तर तोच डोस पुन्हा. रुग्ण बीटा-ब्लॉकर घेत असेल, तर परिणाम अपुरा पडू शकतो. अशा वेळी डॉक्टर ग्लुकॅगॉन मागवतात.