‘खूप मेहनत घेतली’ म्हणजे नेमके काय केले?

मार्च संपत आला की खासगी कंपन्यांमध्ये एचआरची मेल येते: सेल्फ-अप्रेझल अमुक तारखेपर्यंत भरावे. फॉर्म बहुधा शेवटच्या संध्याकाळी उघडला जातो आणि मग ठरलेली वाक्ये उतरतात. ‘वर्षभर प्रामाणिकपणे व मेहनतीने काम केले. दिलेली सर्व कामे वेळेत पूर्ण केली. सहकाऱ्यांना नेहमी सहकार्य केले.’ यातले काहीच खोटे नसते. अडचण एवढीच, की हीच तीन वाक्ये शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या फॉर्ममध्ये चिकटवली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही.

आणि हा कागद फक्त रोज काम पाहणारा साहेबच वाचतो असेही नाही. मोठ्या कंपन्यांत रेटिंग पक्के करायला एक बैठक बसते. तिथल्या निम्म्या लोकांनी त्या कर्मचाऱ्याला कधी पाहिलेलेही नसते. सरकारी नोकरीत तर वर्षांपूर्वीचे अहवाल बढतीच्या वेळी बाहेर निघतात. त्यांचे वजन किती, हे ‘देव दत्त विरुद्ध भारत सरकार’ या 2008च्या खटल्यात दिसले. एका वर्षाचा शेरा ‘चांगला’ होता, बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ लागत होता, आणि तो शेरा त्या अभियंत्याला कुणी कळवलाच नव्हता. प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. पुढच्याच वर्षी केंद्राने गोपनीय अहवालाच्या जागी वार्षिक कार्यमूल्यांकन अहवाल आणला आणि तो संबंधिताला पूर्ण दाखवणे सक्तीचे केले. त्याच्या स्वयंमूल्यांकनाच्या भागात ठरवलेली उद्दिष्टे काय होती, प्रत्येकापुढे काय साधले आणि कुठे कमी पडलो, हे विचारलेले असते. मेहनत किती केली, यासाठी तिथे वेगळा रकाना नाही.

आता एक नमुना घेऊ. माणूस आणि आकडे कल्पित आहेत, पण प्रसंग चाकण किंवा सातपूरच्या कुठल्याही सुट्या भागांच्या कारखान्यात घडेल असाच आहे. स्टोअर सांभाळणारा एक जण लिहितो: ‘स्टोअरची व्यवस्था सुधारली, रात्री उशिरापर्यंत थांबून काम केले.’ साहेब विचारतो, सुधारली म्हणजे काय? उत्तर मिळते, की आता माल पटकन सापडतो. पटकन सापडल्याने काय झाले? माल नाही म्हणून लाइन थांबायची, ते कमी झाले. इथे पहिल्यांदा मोजता येण्याजोगी गोष्ट हाती लागली. रात्री थांबणे हा त्याचा खर्च होता. लाइन न थांबणे ही कंपनीची मिळकत. फॉर्ममध्ये लोक सहसा खर्च लिहितात आणि मिळकत राहून जाते.

लाइन किती वेळा थांबली याची नोंद उत्पादन विभागाच्या रजिस्टरमध्ये असते. आकडा तिथूनच घ्यावा, कारण दुसऱ्या विभागाने ठेवलेल्या नोंदीवर कुणी शंका घेत नाही. आदल्या वर्षी मालाअभावी लाइन 46 वेळा थांबली होती, यंदा 27 वेळा. म्हणजे 41 टक्के घट. गडी खूश.

पण थांबा. यंदा ऑर्डरीच कमी होत्या. आदल्या वर्षी स्टोअरमधून माल देण्याच्या 9,200 स्लिपा फाटल्या, यंदा 7,900. काम कमी झाले की अडथळेही आपोआप कमी होतात. दर हजार स्लिपांमागे हिशेब केला, तर प्रमाण 5 वरून सुमारे 3.4 वर आले, म्हणजे घट 32 टक्क्यांच्या आसपास. आकडा उतरला खरा, पण आता बैठकीत उत्पादनाचा मॅनेजर ‘यंदा काम तरी कुठे होते?’ म्हणाला, तर त्याचे उत्तर कागदावरच आहे.

खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक नोंदीपुढे कारण लिहिलेले असते. कारणे दोन ढिगांत वाटली: पुरवठादाराकडून माल आलाच नव्हता, आणि माल स्टोअरमध्ये होता पण वेळेवर सापडला नाही. पहिला ढीग 24 वरून 19 वर आला. कमी झालेल्या कामाच्या मानाने पाहिले तर जवळपास जिथल्या तिथे. दुसरा मात्र 22 वरून थेट 8 वर. स्लिपांच्या हिशेबाने पाहिले तरी ही घट निम्म्याहून जास्त आहे, आणि ती पूर्णपणे स्टोअरची आहे. सगळे श्रेय एका पोत्यात भरले होते तेव्हा त्याचे स्वतःचे काम त्यात हरवले होते. खरेदी विभागाचा वाटा बाजूला काढल्यावर ते उलट उठून दिसले.

मग नोंद अशी होते: ‘माल स्टोअरमध्ये असूनही न सापडल्याने लाइन थांबण्याचे प्रसंग 22 वरून 8 वर आले (दर हजार स्लिपांमागे 2.4 वरून 1, आधार: उत्पादन विभागाचे रजिस्टर). यासाठी जूनमध्ये प्रत्येक रॅक व बिनला क्रमांक दिले आणि दर शनिवारी काही वस्तूंचा साठा प्रत्यक्ष मोजून संगणकातल्या आकड्याशी ताडून पाहिला.’ काय बदलले, किती बदलले, कशामुळे, हे दोन वाक्यांत आले. ‘मेहनत’ हा शब्द कुठेही नाही, पण शनिवारची मोजणी कुणी केली हे न सांगता कळते.

असे आकडे मार्चअखेर आठवून लिहिता येत नाहीत. माणसाला फेब्रुवारी-मार्च आठवतो; जूनमधले बिनचे क्रमांक विसरले जातात. सुधारणा करण्याआधीचा आकडा टिपून ठेवला नसेल, तर फरक दाखवायचा कशाशी? महिन्याच्या शेवटी वहीत चार ओळी लिहिल्या तरी भागते.

अनुभवी साहेब कच्चा आकडा कसा ओळखतो, तेही पाहण्यासारखे आहे. आधार न सांगता नुसता टक्का दिला, की तो सावध होतो. एका ग्राहकाचे तीन झाले तरी वाढ 200 टक्केच भरते. ‘बारा प्रशिक्षणे घेतली’ हे वाचून तो विचारतो, त्यानंतर चुका कमी झाल्या का? आणि टीममधल्या पाच जणांच्या फॉर्ममध्ये एकच प्रकल्प ‘मी पूर्ण केला’ म्हणून आला, तर पाचही फॉर्मवरचा त्याचा विश्वास उडतो.

सगळ्याच कामांना आकडा चिकटत नाही. नव्या मुलाला शिकवून तयार करणे किंवा चिडलेल्या ग्राहकाला शांत करणे मोजायला गेले तर हास्यास्पद होते. तिथे ओढूनताणून टक्के काढण्यापेक्षा घडलेली गोष्ट लिहावी: कोणता प्रसंग, काय निर्णय घेतला, पुढे काय झाले. ‘ऑगस्टपासून नवा सहकारी रात्रपाळीचे स्टोअर एकटा सांभाळतो’ हे वाक्य पुरेसे आहे.

राहिला कमी पडल्याचा रकाना. बहुतेक जण तो कोरा सोडतात किंवा ‘जास्त परिश्रम करण्याची सवय’ असे काहीतरी दडपून देतात. आपल्या स्टोअरवाल्याकडे तिथे लिहायला पक्के आहे: पुरवठादाराकडून माल उशिरा आल्याने लाइन 19 वेळा थांबली आणि त्यात सुधारणा झाली नाही. साठा किमान पातळीखाली गेल्याची सूचना खरेदी विभागाला तोंडी जात होती. एप्रिलपासून ती दर सोमवारी मेलने जाईल आणि पुढच्या वर्षी हाच आकडा पुन्हा मोजला जाईल.