गेम व्हर्च्युअल मशीनमध्ये, कार्ड मात्र खरं

रोजचं काम लिनक्सवर आणि गेम विंडोजवर, अशी वाटणी करून बसलेले बरेच जण असतात. गेम खेळायचा म्हटलं की सगळं काम बंद करायचं, संगणक रीस्टार्ट करायचा, विंडोजमध्ये शिरायचं आणि खेळून झालं की पुन्हा तीच कसरत. त्यापेक्षा लिनक्समध्येच एक व्हर्च्युअल मशीन उघडावं, त्यात विंडोज चालवावं आणि गेमसाठी घेतलेलं महागडं ग्राफिक्स कार्ड त्या मशीनच्या हवाली करावं, हा मार्ग गेल्या दहा-बारा वर्षांत रुळला आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये केव्हीएम 2007 साली आलं आणि कार्ड सुपूर्द करण्याची व्हीएफआयओ ही सोय 2012 मध्ये आली. तेव्हापासून प्रश्न एकच विचारला जातो: अशा मशीनमध्ये गेम थेट संगणकावर चालतो तेवढ्याच वेगानं चालतो का?

माझं मत असं, की ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत उत्तर जवळजवळ निःशंक ‘हो’ आहे. अडचण होते ती प्रोसेसरच्या बाजूनं, आणि ती सरासरी आकड्यात दिसत नाही.

आधी कार्डाचं पाहू. साध्या व्हर्च्युअल मशीनला एक नकली, सॉफ्टवेअरनं उभं केलेलं कार्ड दिलेलं असतं. त्यावर गेम चालवणं म्हणजे हालच. पासथ्रूमध्ये असं काही मध्ये नसतं. लिनक्स सुरू होतानाच ते कार्ड बाजूला काढून ठेवतं, त्यावर स्वतःचा ड्रायव्हर चढवत नाही. मशीनमधल्या विंडोजला खरं कार्ड दिसतं, त्यावर कंपनीचा नेहमीचा ड्रायव्हर बसतो आणि तो कार्डाच्या मेमरीशी थेट बोलतो. कार्डाला मुख्य मेमरीतून माहिती ओढायची असते तेव्हा पत्ते बदलून देण्याचं काम आयओएमएमयू नावाचा हार्डवेअरचाच भाग करतो. इंटेलच्या बोर्डावर त्याला व्हीटी-डी म्हणतात, एएमडीच्या बोर्डावर एएमडी-व्हीआय. एकदा काम कार्डाकडे गेलं की आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत याचा त्या हजारो शेडर कोअरना पत्ताही नसतो. मॉनिटरची केबल त्याच कार्डाला लावली तर चित्रही कुठे वळसा घालून येत नाही.

आता सरासरीचं. समजा, एक गेम थेट विंडोजवर सेकंदाला 100 फ्रेम देतो, म्हणजे प्रत्येक फ्रेमला 10 मिलिसेकंद. मिनिटभरात 6000 फ्रेम झाल्या. व्हर्च्युअल मशीनमध्ये यातल्या 5940 फ्रेम अगदी तशाच आल्या, पण उरलेल्या 60 फ्रेमना 10 ऐवजी 40 मिलिसेकंद लागले असं धरू. जादा वेळ झाला 1.8 सेकंद. तेवढ्याच 6000 फ्रेमना आता 61.8 सेकंद लागले, म्हणजे सरासरी 97. आकडा पाहणारा म्हणेल, फक्त तीन टक्के घट, उत्तमच की. खेळणाऱ्याला मात्र जवळपास दर सेकंदाला एक झटका बसतोय. कॅमेरा फिरवताना चित्र क्षणभर थबकतं, नेम धरताना माउस अडखळल्यासारखा वाटतो. म्हणून ‘नेटिव्हच्या 97 टक्के वेग मिळाला’ असं कुणी सांगितलं तर सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेमना किती वेळ लागला हे विचारावं. बेंचमार्कमध्ये हा आकडा ‘1% लो’ म्हणून येतो. गेम तितकाच चांगला चालतो की नाही, ते याच आकड्यावरून ठरतं.

हे झटके येतात कुठून? व्हर्च्युअल मशीनचा प्रत्येक प्रोसेसर हा लिनक्सच्या लेखी नुसता एक थ्रेड असतो. ब्राउझर, अपडेट, फाइल कॉपी यांच्यासारखाच. शेड्युलर त्याला या कोअरवरून उचलून त्या कोअरवर ठेवू शकतो, किंवा दुसऱ्या कामासाठी काही मिलिसेकंद थांबवू शकतो. विंडोजला याची कल्पना नसते. आपला प्रोसेसर चालूच आहे असं समजून त्यानं गेमचा मुख्य थ्रेड नेमका त्याच्यावर टाकलेला असतो.

एका ठरावीक प्रोसेसरवर हे नीट दिसतं. एएमडीचा रायझन 7 3700एक्स घ्या. आठ कोअर, सोळा थ्रेड. पण हे आठ कोअर चार-चारच्या दोन गटांत आहेत आणि प्रत्येक गटाला स्वतःचा 16 एमबी एल-3 कॅश आहे. एका गटातल्या कोअरला दुसऱ्या गटाच्या कॅशमधली माहिती हवी असेल तर ती चिपच्या वेगळ्या भागातून फिरून येते आणि वेळ लागतो. मशीनला आठ थ्रेड द्यायचे ठरवलं आणि ते कुठले हे सांगितलं नाही, तर काही या गटात पडतात, काही त्या गटात, आणि वर सतत जागा बदलत राहतात. म्हणून एक अख्खा गट मशीनला देऊन टाकायचा. `lscpu -e` हा आदेश दिला की कुठला थ्रेड कुठल्या कोअरचा आणि कुठल्या कॅशचा ते कळतं. या प्रोसेसरवर लिनक्स दुसऱ्या गटाचे कोअर 4 ते 7 असे मोजतं आणि त्यांचे जोडीदार थ्रेड 12 ते 15. मशीनच्या सेटिंगमध्ये मग असं लिहायचं:

```xml
<cputune>
  <vcpupin vcpu='0' cpuset='4'/>
  <vcpupin vcpu='1' cpuset='12'/>
  <vcpupin vcpu='2' cpuset='5'/>
  <vcpupin vcpu='3' cpuset='13'/>
  <!-- पुढे याच क्रमानं 6, 14, 7, 15 -->
  <emulatorpin cpuset='0-1,8-9'/>
</cputune>
```

जोड्या लावताना चूक झाली तर विंडोज एकाच कोअरच्या दोन थ्रेडना दोन स्वतंत्र कोअर समजतं आणि दोन जड कामं एकाच कोअरवर लादतं. मशीनला ‘चार कोअर, प्रत्येकी दोन थ्रेड’ हेही स्पष्ट सांगावं लागतं. शेवटची ओळही महत्त्वाची: मशीनची बाकीची फुटकळ कामं पहिल्या गटात राहतात, गेमच्या वाटेत येत नाहीत.

बरेच जण इथे थांबतात आणि झटके का जात नाहीत म्हणून हैराण होतात. मशीनला जागा नेमून दिली, पण लिनक्सच्या बाकीच्या कामांना तिथून बाहेर कुणी काढलं? ती अजूनही कोअर 4 ते 7 वर येऊ शकतात. त्यांना मशीन चालू असेपर्यंत पहिल्या गटात कोंडायचं:

```
systemctl set-property --runtime -- user.slice AllowedCPUs=0-3,8-11
systemctl set-property --runtime -- system.slice AllowedCPUs=0-3,8-11
```

हे झालं की वाईट फ्रेमांचा आकडा सुधारतो, आणि तो बदल चाचणी न घेताही हाताला जाणवतो. उरलेले झटके शोधायला विंडोजमध्ये लेटन्सीमॉन हे साधन चालवावं. लिनक्सच्या बाजूनं `perf kvm stat live` दाखवतं की मशीन किती वेळा आणि कशासाठी थांबून होस्टकडे येतंय.

असं थांबण्याचं एक कारण घड्याळ. गेम सतत वेळ विचारत असतो, कारण प्रत्येक हालचाल वेळेवर बेतलेली असते. थेट संगणकावर हे उत्तर प्रोसेसरमधूनच झटक्यात मिळतं. मशीनमध्ये विंडोजनं एचपीईटीसारखं नकली घड्याळ पकडलं, तर प्रत्येक वाचनाला मशीन थांबतं, होस्ट उत्तर देतो, मशीन पुन्हा सुरू होतं. म्हणून सेटिंगमध्ये `hpet` बंद आणि `hypervclock` सुरू ठेवतात. दोनच ओळींचा बदल असतो, पण त्या ओळी चुकलेल्या असतील तर गेमचा वेग भलताच खाली येतो आणि माणूस बिचारा कार्डाला दोष देत बसतो.

दुसरं कारण मेमरी. थेट संगणकावर एखादा पत्ता शोधायला प्रोसेसरला पान-तक्त्याच्या जास्तीत जास्त चार पायऱ्या उतराव्या लागतात. मशीनमध्ये आधी विंडोजचा तक्ता आणि मग त्याखाली लिनक्सचा, अशा दोन्हींतून जाताना हा आकडा 24 पर्यंत जाऊ शकतो. मशीनची 16 जीबी मेमरी नेहमीच्या 4 केबीच्या पानांत विभागली तर चाळीस लाखांवर पानं होतात. तीच 2 एमबीच्या ‘ह्यूज पेजेस’मध्ये दिली तर 8192. पानं कमी असली की बरेचसे पत्ते प्रोसेसरच्या लक्षात राहतात आणि ती लांबची फेरी क्वचित पडते. तशीही ही मेमरी मशीनसाठी अडकूनच राहते. कार्ड थेट मेमरीत लिहीत असल्यामुळे लिनक्सला ती मध्येच काढून घेता येत नाही.

एवढं सगळं केलं, तरी फरक दिसेल की नाही हे गेमवर आणि मॉनिटरवर ठरतं. 4के मॉनिटरवर, सगळ्या सेटिंग वर चढवून कार्डाला एका फ्रेमला 16.7 मिलिसेकंद लागत असतील आणि प्रोसेसरचं काम 7 मिलिसेकंदांत उरकत असेल, तर व्हर्च्युअल मशीनमुळे तेच काम 7.7 मिलिसेकंदांवर गेलं काय आणि नाही गेलं काय. फ्रेम कार्डासाठीच खोळंबलेली असते, वेग 60 तो 60 च राहतो. उलट 1080पी वर, सेटिंग खाली आणून खेळणाऱ्या स्पर्धकाचं चित्र पाहा. तिथे कार्ड 3 मिलिसेकंदांत मोकळं होतं आणि प्रोसेसरला 4 लागतात. वेग 250. त्या 4 चे 4.4 झाले की वेग 227 वर आला. दहा टक्क्यांचा तोच बोजा एकाला दिसतही नाही आणि दुसऱ्याला पुरता सोसावा लागतो.

तुलना करताना एक अन्याय सर्रास होतो. थेट विंडोजला आठही कोअर असतात आणि मशीनला चार, मग घट मशीनच्या माथी मारली जाते. खरी तुलना करायची तर थेट विंडोजही `msconfig` मधून तेवढ्याच थ्रेडवर आणून चालवावं. आणखी एक गोष्ट फार कमी जणांच्या ध्यानात येते: विंडोज 11 मध्ये ‘मेमरी इंटेग्रिटी’ सुरू असेल तर थेट संगणकावरचं विंडोजही मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या हायपरव्हायजरवरच चाललेलं असतं, आणि गेमसाठी ही सोय बंद करून पाहता येईल असं मायक्रोसॉफ्टनंच सांगितलं आहे. हीच सोय व्हर्च्युअल मशीनमधल्या विंडोजमध्ये सुरू राहिली तर एका हायपरव्हायजरच्या पोटात दुसरा अशी स्थिती होते आणि वेग चांगलाच घसरतो. सगळं नीट लावूनही मशीन मंद वाटत असेल तर आधी `msinfo32` उघडून ‘Virtualization-based security’ पुढे काय लिहिलंय ते बघावं.

तयारी सोपी नाही हेही सांगायला हवं. 3700एक्स मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही, म्हणून लिनक्ससाठी दुसरं छोटं कार्ड लागतं. बोर्डावर कार्ड स्वतंत्र आयओएमएमयू गटात असावं लागतं. एएमडीची काही जुनी कार्डं मशीन बंद केल्यावर नीट रीसेट होत नाहीत, मग अख्खा संगणकच रीस्टार्ट करावा लागतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर व्हर्च्युअल मशीन ओळखून ‘कोड 43’ देत अडून बसायचा. तो अडसर 2021 मध्ये 465 मालिकेच्या ड्रायव्हरपासून कंपनीनंच काढला.

गेम बनवणाऱ्यांनीच दार लावलं तर मात्र कुठलीही सेटिंग कामाची नाही. काही ऑनलाइन गेमची फसवणूकविरोधी यंत्रणा व्हर्च्युअल मशीन दिसताच गेम सुरू होऊ देत नाही. रायट कंपनीच्या ‘व्हॅलोरंट’चं व्हॅनगार्ड हे त्यातलं ठळक उदाहरण. ओळख लपवून तिथे घुसण्याच्या खटपटीत खातं कायमचं बंद होऊ शकतं. तसे गेम हेच मुख्य कारण असेल तर दुसरं कार्ड विकत घेण्याआधी आपल्या आवडीच्या गेमचं नाव तपासून घ्यावं.