गॅस भरण्याआधीची तीन कामं

एप्रिलच्या उन्हात एसी सुरू करावा आणि खोली थंडच होऊ नये, हे पुष्कळ घरांत घडतं. मेकॅनिक येतो, बाहेरच्या युनिटला गेज लावतो आणि सांगतो, "गॅस गेलाय, भरावा लागेल." अर्ध्या तासात गॅस भरून होतो, गार हवा येऊ लागते, पैसे दिले जातात. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. मग घरातल्यांना वाटू लागतं की स्कूटरमधलं पेट्रोल संपावं तसा एसीतला गॅसही वर्षाला संपत असणार.

तो संपत नाही. एसीतल्या नळ्यांचं वेटोळं पूर्ण बंद असतं. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, बाहेरच्या कॉइलमध्ये तो उष्णता सोडून द्रव होतो, आतल्या कॉइलमध्ये त्याची पुन्हा वाफ होते आणि तसं होताना तो खोलीतली उष्णता शोषून घेतो. वर्षानुवर्षं तोच गॅस फिरत राहतो. तो कमी झाला, तर कुठेतरी गळती आहे एवढाच त्याचा अर्थ. गळती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेनं पुन्हा बाहेर जाणार. प्रशिक्षित टेक्निशियन आणि नुसता गॅस भरून जाणारा माणूस यांच्यातला फरक इथूनच सुरू होतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, ठाण्यातल्या एका फ्लॅटमध्ये दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी आहे. बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर आर-३२ हा गॅस आणि ८०० ग्रॅम हे त्याचं वजन छापलेलं आहे. एसी अखंड चालतो, पण खोली गार होत नाही. शिकलेला टेक्निशियन आधी फिल्टर आणि बाहेरची कॉइल पाहील, कारण नुसत्या धुळीनंही थंडावा कमी होतो. ते स्वच्छ असेल तर तो आतली कॉइल तपासेल. गॅस कमी असेल, तर बहुधा कॉइलचा सुरुवातीचा भागच गार पडतो, तिथे बर्फही धरतो आणि उरलेली कॉइल कोमट राहते. मग तो बाहेरच्या युनिटजवळचे नळ्यांचे जोड पाहील. कॉम्प्रेसरमधलं थोडं तेल गॅसबरोबर फिरत असतं, त्यामुळे जिथून गॅस निसटतो तिथे तेलकट डाग पडतो. डागावर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे गळतीची जागा दाखवतात. बऱ्याचदा ही जागा फ्लेअर जोडाची असते. तांब्याच्या नळीचं तोंड पसरवून त्यावर नट आवळलेला असतो. टॉर्क पाना न वापरता अंदाजानं जास्त आवळला, तर त्या पसरट तोंडाला चीर जाते.

जागा सापडली की उरलेला गॅस रिकव्हरी मशीननं वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा. हवेत सोडायचा नाही. सिलिंडरही काठोकाठ भरायचा नाही. ८० टक्क्यांच्या वर गेलं, तर उन्हात आतला द्रव फुगायला जागा उरत नाही आणि सिलिंडर फुटू शकतो. त्यानंतर जोड नव्यानं करायचा. इथून पुढे गॅस भरण्याआधीची तीन कामं येतात.

पहिलं काम नायट्रोजनच्या दाबानं तपासणी. कोरडा नायट्रोजन उत्पादकानं सांगितलेल्या दाबापर्यंत भरायचा आणि काटा खाली येतो का हे पाहत थांबायचं. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो.

दुसरं काम व्हॅक्यूम. नळ्यांत शिरलेली हवा आणि ओल पंपानं बाहेर खेचायची. निर्वात इतका खोल हवा की उरलेल्या ओलाव्याचं पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून वाफ होऊन बाहेर पडेल. हा निर्वात मायक्रॉनमध्ये मोजतात. बाहेरच्या हवेचा दाब ७,६०,००० मायक्रॉन असतो आणि तो साधारण ५०० पर्यंत उतरवावा लागतो. साध्या गेजवर हे दिसत नाही, त्याला मायक्रॉन गेज लागतो. पंप बंद केल्यावर आकडा थोडा चढून थांबला, तर ओल शिल्लक आहे. चढतच राहिला, तर अजून गळती आहे.

तिसरं काम वजन. काट्यावर सिलिंडर ठेवून पट्टीवर लिहिलेला ८०० ग्रॅम गॅसच आत सोडायचा. गेजवरच्या दाबावरून अंदाज बांधण्याची पद्धत इन्व्हर्टर एसीत फसते, कारण कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलत असतो आणि त्याबरोबर दाबही. गॅस कमी पडला तर थंडावा मिळत नाही. जास्त झाला तर वीज जास्त जाते आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

हे सगळं अर्ध्या तासात होत नाही, आणि यातलं काहीच गिऱ्हाइकाच्या नजरेत येत नाही. व्हॅक्यूम टाळला तरी त्या दिवशी गार हवा येतेच. मात्र आत राहिलेली ओल तेलात मिसळून आम्ल तयार करते, ते आम्ल मोटरच्या वाइंडिंगवरचं आवरण खात जातं आणि काही महिन्यांनी कॉम्प्रेसर जळतो. तोवर त्या गॅस भरण्याचा आणि या बिघाडाचा संबंध कुणाच्या ध्यानातही राहिलेला नसतो.

गेल्या काही वर्षांत यात आणखी एक धोका आला आहे. आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकांचे हात आर-२२ या गॅसवर तयार झाले. तो गॅस सहज पेट घेत नसे. नळीत थोडा गॅस असताना ब्रेझिंगची ज्योत लावण्याची किंवा गॅसच्या झोतानं हवा बाहेर ढकलण्याची सवय त्यातूनच पडली. आज घरोघरच्या नव्या एसीत असलेला आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. भीती किती बाळगावी हेही समजून घेतलं पाहिजे. हा गॅस पेटायला दर घनमीटर हवेत सुमारे ३०० ग्रॅम इतका साठावा लागतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीत ८०० ग्रॅम गॅस सारखा पसरला, तर तो या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. पण हा गॅस हवेपेक्षा जड असतो. बंदिस्त कोपऱ्यात किंवा युनिटच्या पेटीत तो साचला आणि तिथेच ज्योत लावली, तर तो पेटतो आणि जळताना हायड्रोजन फ्लोराइडसारखी विषारी वाफ सोडतो. काही एसींमध्ये आर-२९०, म्हणजे प्रोपेन असतो. त्याला पेटायला दर घनमीटरला जेमतेम ३८ ग्रॅम पुरतात. त्यामुळे असा गॅस काढून घेतल्याशिवाय आणि नळ्यांत नायट्रोजन फिरवल्याशिवाय ज्योत लावायची नाही, खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि आर-२२ च्या जुन्या यंत्रात आर-३२ किंवा प्रोपेन कधीच भरायचा नाही.

हे गॅस बदलले त्याला कायदा कारण आहे. आर-२२ ओझोनचा थर विरवतो. १९८७ च्या माँट्रियल करारात भारत १९९२ साली सामील झाला आणि २००० साली ओझोनला घातक पदार्थांसाठी केंद्राचे नियम आले. आर-२२ आणि त्याच्या जातीचे गॅस भारताला २०३० पर्यंत जवळजवळ पूर्ण थांबवायचे आहेत. फक्त जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी पुढे थोडी सवलत आहे. आर-३२ ओझोनला धक्का लावत नाही, पण तापमानवाढीत त्याचा एक किलो ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका भारी पडतो. ठाण्याच्या त्या एसीतले ८०० ग्रॅम हवेत सुटले, तर ५४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीत हे गॅसही आले. भारतानं २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. त्यानुसार २०२८ पासून त्यांचा वापर गोठवायचा आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्यानं कमी करायचा आहे.

मात्र आपल्याकडे घरगुती एसीला हात लावण्यासाठी प्रमाणपत्राची सक्ती नाही. अमेरिकेत ती आहे. तिथे पर्यावरण संस्थेच्या कलम ६०८ खालची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय गॅसचं वेटोळं उघडता येत नाही आणि दुरुस्तीसाठीचा असा गॅस विकतही घेता येत नाही. लहान उपकरणं, जास्त दाबाची यंत्रं आणि कमी दाबाची यंत्रं यांसाठी वेगवेगळे प्रकार आहेत आणि तिन्ही उत्तीर्ण झालेल्याला सर्वसमावेशक प्रमाणपत्र मिळतं. गॅस मुद्दाम हवेत सोडणं तिथे १९९० च्या दशकापासून गुन्हा आहे.

आपल्याकडे मुख्य रस्ते दोन. पहिला आयटीआयचा. दहावीनंतर रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग टेक्निशियन हा दोन वर्षांचा ट्रेड असतो आणि परीक्षेनंतर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. त्यात वीज, ब्रेझिंग, गळती शोधणं, व्हॅक्यूम आणि गॅस भरणं हाताखालून जातं. दुसरा रस्ता वर्षानुवर्षं काम करत असलेल्यांसाठी आहे. आधीच्या अनुभवाला मान्यता देणारं छोटं प्रशिक्षण होतं, मग इलेक्ट्रॉनिक्स सेक्टर स्किल्स कौन्सिलकडून मूल्यमापन आणि प्रमाणपत्र. २०१९ च्या भारतीय शीतकरण कृती आराखड्यात एक लाख टेक्निशियनांना असं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं.

सक्ती नसताना सर्व्हिस कंपन्या प्रमाणपत्र का मागतात? बिल कोण भरतं ते पाहिलं की उत्तर मिळतं. इन्व्हर्टर एसीच्या कॉम्प्रेसरवर बऱ्याच कंपन्या दहा वर्षांची हमी देतात. व्हॅक्यूम टाळल्यामुळे जळलेला कॉम्प्रेसर हमीच्या मुदतीत बदलायचा तर खर्च कंपनीच्या माथी. त्याच तक्रारीसाठी माणूस दुसऱ्यांदा पाठवायचा तर त्याचा पगार आणि प्रवास तिचाच, आणि त्या फेरीचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. ज्वलनशील गॅसमुळे अपघात झाला, तर काम करणाऱ्याला प्रशिक्षण दिलं होतं का, हा पहिला प्रश्न कंपनीलाच विचारला जातो. रुग्णालय, शीतगृह किंवा मोठ्या कार्यालयाचं वार्षिक देखभालीचं कंत्राट घेतानाही माणसांची पात्रता कागदावर दाखवावी लागते. शिवाय काम सील केलेल्या नळ्यांच्या आत होत असल्यामुळे पर्यवेक्षकाला ते नंतर तपासता येत नाही. म्हणून माणसाला ते येतं की नाही, हे आधीच पारखून घ्यावं लागतं.

प्रमाणपत्राची मर्यादाही खरी आहे. शिकलेला माणूस दिवसाला दहा तक्रारी मिटवण्याच्या घाईत व्हॅक्यूम टाळू शकतो, आणि कागद नसलेला एखादा जुना कारागीर काम चोख करत असतो. पण अशा कारागिराला आर-२२ वरून आर-३२ वर नेणारं शिक्षण घरबसल्या मिळत नाही. ते त्याला मिळायला हवं, तेही रोजगार न बुडता, आणि त्यानंतर गॅसची विक्री प्रमाणपत्र असलेल्यांपुरती मर्यादित व्हायला हवी. गॅस बाजारात कुणालाही मिळत असेल, तर तो हाताळण्याचे नियम कागदावरच राहतील.

तोवर ग्राहकानं एवढं करावं. "गॅस भरावा लागेल" हे ऐकलं की गळती कुठे आहे ते दाखवायला सांगा. व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा आणला आहे का, ते विचारा. किती ग्रॅम गॅस भरला, तो आकडा बिलावर लिहून घ्या आणि युनिटच्या पट्टीवरच्या आकड्याशी ताडून पाहा. ज्याला काम येतं, तो या प्रश्नांनी नाराज होत नाही.