बॉम्बे रक्तगट: ‘ओ’ दिसतो, पण ‘ओ’ नव्हे

1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत सापडलेल्या एका अनोळखी रक्तगटाची माहिती ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध केली. शहरावरून त्याला ‘बॉम्बे’ रक्तगट हे नाव पडले. तो फक्त मुंबईकरांचाच असतो, असा समज या नावानेच रुजवला. प्रत्यक्षात तो भारतात सर्वदूर, विशेषतः पश्चिम आणि दक्षिण भागांत आढळतो. हिंदी महासागरातील रेयुनियन बेटावर आणि तुरळकपणे इतर देशांतही या गटाची माणसे आहेत. हा आजारही नाही. अशा व्यक्तीची प्रकृती इतरांसारखीच असते. अडचण येते ती रक्त चढवण्याची वेळ आल्यावर.

‘ओ’ गटाच्या तांबड्या पेशींवर काहीच नसते, ही समजूत पाठ्यपुस्तकांतून पक्की झाली आहे. त्यांच्यावर ‘ए’ आणि ‘बी’ प्रतिजन नसतात, एवढेच खरे. ‘एच’ नावाचा प्रतिजन मात्र सर्वांत जास्त त्यांच्यावरच असतो. ‘एच’ हा पाया आहे: त्यावर एक विशिष्ट शर्करा जोडली की ‘ए’ तयार होतो, दुसरी जोडली की ‘बी’, आणि काहीच जोडले नाही तर ‘एच’ तसाच राहून गट ‘ओ’ ठरतो. हा पाया घालणारे जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही निकामी स्वरूपात आले, तर ‘एच’ बनतच नाही. मग ‘ए’ किंवा ‘बी’चे जनुक शाबूत असले, तरी शर्करा जोडायला जागाच उरत नाही. हा बॉम्बे गट.

नेहमीच्या तपासणीत रक्ताच्या थेंबात ‘ए’ विरोधी आणि ‘बी’ विरोधी द्रव मिसळतात. दोन्हींत गुठळ्या झाल्या नाहीत, की ‘ओ’ लिहिले जाते. बॉम्बे रक्तातही गुठळ्या होत नाहीत, म्हणून अहवाल ‘ओ’ येतो. उलट तपासणीत रुग्णाचा रक्तद्रव माहीत गटाच्या पेशींशी पडताळतात. पण त्यासाठी फक्त ‘ए’ आणि ‘बी’ पेशी वापरल्या, तर तीही फसते, कारण ‘ओ’ आणि बॉम्बे या दोन्ही गटांचा रक्तद्रव त्या दोन्ही पेशींच्या गुठळ्या करतो. फरक दाखवतात त्या ‘ओ’ पेशी. खऱ्या ‘ओ’ व्यक्तीच्या रक्तद्रवात त्या मोकळ्या राहतात, बॉम्बे व्यक्तीच्या रक्तद्रवात त्यांच्याही गुठळ्या होतात. रुग्णाच्या स्वतःच्या पेशी मात्र मोकळ्याच असतात. हे लक्षण दिसले, की त्याच्या पेशी ‘एच’ विरोधी द्रवाशी ताडून पाहतात आणि प्रतिसाद आला नाही तर शंका पक्की होते. ‘ओ’ रुग्णाला ‘ओ’च्या पिशव्या एकामागून एक क्रॉसमॅचमध्ये नाकारल्या जात असतील, तर रक्तपेढीच्या तंत्रज्ञाने आधी याच शक्यतेचा विचार करावा.

‘ओ’ रक्त कोणालाही चालते, हा समज इथे जीवघेणा ठरू शकतो. बॉम्बे व्यक्तीच्या रक्तात ‘एच’ विरोधी प्रतिपिंड जन्मानंतर आपोआप तयार झालेले असतात, आणि ते शरीराच्या तापमानालाही जोमाने काम करतात. ‘ओ’ पेशी चढवल्या, की त्या रक्तवाहिनीतच फुटू लागतात. थंडी वाजून ताप येतो, कंबर दुखते, लघवी लाल होते. मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. अशा रुग्णाला तांबड्या पेशी फक्त बॉम्बे गटाच्याच चालतात.

आई-वडील दोघेही ‘ओ’ आणि मूल ‘बी’, असे अहवाल आले की घरात नको ते संशय येतात. समजा, आई खरे तर बॉम्बे आहे, पण तिच्याकडे ‘बी’चे एक झाकलेले जनुक आहे. मुलाला तिच्याकडून ते ‘बी’ मिळते आणि ‘ओ’ गटाच्या वडिलांकडून पाया घालणारे शाबूत जनुक. मुलाचा पाया तयार होतो आणि आईत लपलेला ‘बी’ मुलात उघड होतो. संशयाला जागा नाही. चुकलेला असतो तो आईचा अहवाल.

भारतात साधारण दहा हजारांत एक व्यक्ती या गटाची असावी, असा अंदाज आहे. त्या हिशेबाने एक लाख वस्तीच्या गावात दहा जण निघतील. त्यातून मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि हिमोग्लोबिन कमी असलेले वगळा. उरलेल्यांतल्या कित्येकांच्या कार्डावर ‘ओ’च लिहिलेले असते, म्हणजे आपण कोण हे त्यांनाही ठाऊक नसते. शिवाय आरएच गटही जुळावा लागतो, आणि नुकतेच रक्त दिलेल्या पुरुषाला पुन्हा देण्यासाठी तीन महिने थांबावे लागते. म्हणून शोध सख्ख्या भावंडांपासून सुरू करणे शहाणपणाचे, कारण आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक भावंड बॉम्बे असण्याची शक्यता चारात एक असते. जवळच्या नात्यातल्या विवाहांत हा गट जास्त दिसतो, तो याच कारणाने.

साधी साठवण पाच-सहा आठवड्यांपलीकडे टिकत नाही. ग्लिसरॉल घालून अतिथंड तापमानात गोठवलेल्या पेशी मात्र वर्षानुवर्षे ठेवता येतात. पण ती सोय मोजक्याच केंद्रांत आहे आणि वापरण्यापूर्वी पेशी वितळवून धुवाव्या लागतात. ठरलेली शस्त्रक्रिया असेल, तर रुग्णाचेच रक्त आधी काढून ठेवणे हा अधिक सोपा मार्ग. अपघातात मात्र तो उपयोगाचा नाही. तिथे नोंदणीकृत दात्याला फोन करण्यावाचून गत्यंतर नसते.