पासवर्ड बरोबर, माणूस दुसरा

संशयास्पद लॉगिनचे प्रयत्न आढळल्यामुळे सर्व संबंधित ग्राहकांचे पासवर्ड रद्द केले आहेत, अशा आशयाचा ईमेल छोट्या स्टार्टअपकडून येतो तेव्हा खाली बहुधा संस्थापकाचीच सही असते, कारण सुरक्षेचा वेगळा विभाग तिथे क्वचितच असतो. त्यात बऱ्याचदा आणखी एक वाक्य असते: आमच्या यंत्रणेत कोणी शिरलेले नाही. वाचणाऱ्याला ही सारवासारव वाटते. पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

२०१६ सालचे उदाहरण पाहावे. लिंक्डइनमधून २०१२ मध्ये चोरलेला पासवर्डांचा साठा चार वर्षांनी, मे २०१६ मध्ये विक्रीला आला. त्यात अकरा कोटींहून अधिक खात्यांचे ईमेल पत्ते आणि पासवर्ड होते. पासवर्ड सांकेतिक रूपात होते, पण ती पद्धत इतकी कच्ची होती की बहुतेक उलगडता आले. इतर काही जुन्या चोऱ्यांचे साठेही त्याच सुमारास बाजारात आले. मग १४ जूनला प्रोग्रॅमर मंडळी वापरतात त्या गिटहबवर कोणीतरी मोठ्या संख्येने खाती उघडून पाहू लागले आणि त्यातली काही उघडलीही. गिटहबमधून काहीच चोरीला गेले नव्हते. दुसरीकडे फुटलेली ईमेल-पासवर्डांची जोडी तिथे लावून पाहिली जात होती. या प्रकाराला क्रेडेन्शियल स्टफिंग म्हणतात. गिटहबने अशा खात्यांचे पासवर्ड रद्द करून त्या त्या ग्राहकाला कळवले. त्याच महिन्यात ऑनलाइन बॅकअप ठेवणाऱ्या कार्बोनाइटने तर सगळ्याच ग्राहकांना नवा पासवर्ड घ्यायला लावला.

हे काम माणूस नव्हे, प्रोग्रॅम करतो. शंभर जोड्यांमागे एखाददुसरीच लागू पडली तरी यादी लाखोंची असल्याने हाती बरेच लागते. कंपनीच्या बाजूने मात्र एकेकटे लॉगिन निर्दोष दिसते: ईमेल बरोबर, पासवर्ड बरोबर, पहिल्याच फटक्यात प्रवेश. चुकीचा पासवर्ड पाच वेळा टाकल्यावर खाते बंद करण्याचा नेहमीचा नियम इथे कामाचा नाही, कारण प्रत्येक खात्यावर प्रयत्न एकदाच होतो. हल्लेखोर हजारो वेगवेगळ्या इंटरनेट पत्त्यांवरून येत असेल, तर एका पत्त्यावरून फार मागण्या आल्या असेही दिसत नाही.

चोरी कळते ती सगळ्या नोंदी एकत्र पाहिल्यावर. फसलेल्या लॉगिनांचे प्रमाण एका रात्रीत चढलेले असते. त्याहून बोलकी खूण म्हणजे ज्यांचे तिथे कधी खातेच नव्हते, अशा ईमेल पत्त्यांनी झालेले प्रयत्न. विसरभोळा ग्राहक स्वतःचा पासवर्ड चुकतो. अनोळखी पत्त्यांची रीघ लागली, तर यादी बाहेरून आणलेली आहे असे समजावे.

यशस्वी लॉगिनांपैकी खरे कोणते आणि चोराचे कोणते हे नेमके वेगळे करता येत नाही, म्हणून संशयाच्या घेऱ्यातले सगळेच पासवर्ड रद्द होतात. नुसता सावधगिरीचा इशारा पाठवला तर पुष्कळ लोक तो वाचतही नाहीत, आणि तोवर चोर आत असतो. ज्यांच्या खात्याला कोणी हातही लावला नाही, अशांनाही कधीकधी असा निरोप मिळतो. २०१३ मध्ये अडोबीचे पासवर्ड फुटल्यावर फेसबुकने ती यादी आपल्या नोंदींशी ताडून पाहिली आणि दोन्हीकडे एकच पासवर्ड वापरणाऱ्यांना तो बदलायला लावला. कोणाचाही पासवर्ड साठवून न ठेवता हे जमते: फुटलेला पासवर्ड आपल्या सांकेतिक पद्धतीतून काढायचा आणि येणारे उत्तर जुळते का ते पाहायचे.

पासवर्ड रद्द झाला म्हणजे चोर बाहेर गेला, असे मात्र नाही. एकदा लॉगिन झाले की ब्राउझरकडे एक परवाना राहतो. म्हणून तर रोज पासवर्ड टाकावा लागत नाही. कंपनीने हे चालू परवाने आणि इतर ॲप्सना दिलेल्या चाव्या रद्द केल्या नाहीत, तर नव्या पासवर्डची चोराला गरजच पडत नाही. घाईत नेमके हेच राहून जाते. चांगल्या ईमेलमध्ये ‘सर्व उपकरणांवरून लॉगआउट केले आहे’ असे स्पष्ट लिहिलेले असते. नसेल तर खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते स्वतः करावे.

अशा ईमेलच्या हुबेहूब नकलाही फिरतात आणि त्यातली लिंक भलत्याच साइटवर नेते. त्यामुळे ईमेलमधल्या लिंकवर न जाता साइटचा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करून पाहावे. पासवर्ड खरोखर रद्द झाला असेल तर जुना चालणार नाही आणि ‘पासवर्ड विसरलात?’ या वाटेने नवा घेता येईल. ही वाट ग्राहकाच्या ईमेल खात्यातून जाते. तिथेही तोच फुटलेला पासवर्ड असेल, तर नवा पासवर्ड घेण्याची लिंक चोरालाही वाचता येते. म्हणून आधी ईमेलचा पासवर्ड बदलावा आणि मगच बाकीच्यांचा.