चाळीस वर्षांची वहिवाट आणि एक तारीख

गावात जागेचा वाद निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बारा वर्षं आमचा कब्जा आहे, आता जागा आमचीच." या अर्धवट माहितीवर भरवसा ठेवून माणसं कोर्टात उभी राहतात आणि राहती जागा गमावून बसतात, म्हणून त्यातला उरलेला अर्धा भाग नीट समजून घ्यायला हवा.

मुदतीच्या कायद्याच्या (१९६३) अनुच्छेद ६५ प्रमाणे मालकाने आपल्या हक्काच्या जोरावर ताबा मागायचा दावा १२ वर्षांत आणावा लागतो. ही मुदत समोरचा माणूस जागेत आला त्या दिवसापासून धावत नाही. त्याचा कब्जा मालकाला प्रतिकूल झाला, त्या दिवसापासून ती सुरू होते. ती उलटली की कलम २७ प्रमाणे मालकाचा हक्कच संपतो. सरकारी जमिनीसाठी मात्र ही मुदत ३० वर्षांची आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. घराला लागून सहा गुंठे मोकळी जागा आहे आणि मालक मुंबईला असतो. १९८५ मध्ये त्याने शेजाऱ्याला सांगितलं, "पडून आहे, वैरण ठेवत जा." शेजाऱ्याने गंजी रचली, मग गोठा बांधला. जून १९९९ मध्ये मालकाने मोजणी आणली, तेव्हा शेजाऱ्याने मोजणीदाराला आत येऊ दिलं नाही. मालकाने वकिलामार्फत नोटीस पाठवली. शेजाऱ्याने १० जुलै १९९९ ला रजिस्टर पोस्टाने उत्तर दिलं की तुमचा इथे काही संबंध नाही, जागा आमची आहे, आणि त्याच महिन्यात तारेचं कुंपण घातलं. २०१३ मध्ये मालकाने ताब्यासाठी दावा लावला.

आता कैफियत लिहायची आहे. बहुतेक कैफियतींत असं असतं: "प्रतिवादी वाडवडिलांपासून, ४०-५० वर्षे, सदर मिळकतीत वहिवाट करीत आहेत." या वाक्यात ना तारीख आहे, ना विरोध. शिवाय साक्षीत १९८५ ची परवानगी बाहेर आली की ही सगळी वर्षं वाहून जातात, कारण परवानगीचा कब्जा कितीही लांबला तरी आपोआप प्रतिकूल होत नाही. मालकाला कळेल अशा रीतीने त्याचा हक्क नाकारावा लागतो आणि तिथून पुढे १२ वर्षं भरावी लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच सांगितलं आहे.

खरी बाजू १० जुलै १९९९ पासून सुरू होते. म्हणून कैफियतीत लिहायला हवं: वादी हे मूळ मालक होते, अमुक तारखेच्या, वादींना पोचलेल्या उत्तराने प्रतिवादीने त्यांचा हक्क नाकारला, त्याच महिन्यात सर्वांच्या नजरेसमोर कुंपण घातलं, तेव्हापासून दाव्यापर्यंत कब्जा अखंड आहे. सोबत पोस्टाची पोचपावती जोडायची. त्या हिशेबाने मुदत जुलै २०११ मध्ये संपली आणि २०१३ चा दावा उशिराचा ठरतो. तोच दावा २०१० मध्ये आला असता, तर गोठ्याला २५ वर्षं होऊनही शेजारी हरला असता.

"वादी मूळ मालक होते" हे लिहिताना पक्षकार कचरतात. त्यांना सांगायचं असतं की जागा आजोबांनी विकत घेतली होती, आणि तसं नसेल तर प्रतिकूल कब्जा तरी आहेच. विजापूरच्या जुन्या वास्तूंवरून केंद्र सरकार आणि कर्नाटक वक्फ बोर्ड यांच्यात झालेल्या खटल्यात, २००४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने या दोन बाजू एकमेकींशी विसंगत ठरवल्या. कब्जा कोणत्या तारखेला आला, कसा होता, समोरच्याला ठाऊक होता का, किती काळ चालला, आणि तो उघड व बिनहरकत होता का, हे सगळं मांडून सिद्ध करण्याची जबाबदारी कब्जेदाराची, असंही तिथे म्हटलं आहे. दुसऱ्याचा हक्क हिरावू पाहणाऱ्याला न्यायाच्या तराजूत सहानुभूतीचं माप मिळत नाही. मला ही कडक भूमिका योग्य वाटते.

घरपट्टीच्या पावत्या आणि सातबाऱ्यावरची पीकपाहणी यांवर लोकांचा फार विश्वास असतो. त्या कब्जा दाखवायला उपयोगी पडतात, पण विरोध त्यांतून दिसत नाही. परवानगीने राहणाराही पट्टी भरतोच. राखणदाराचंही तसंच आहे. गोव्यातल्या एका घराच्या खटल्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की राखणदार किंवा नोकर कितीही वर्षं राहिला तरी त्याला त्या मिळकतीत हक्क मिळत नाही. भावाभावांत तर पुरावा आणखी कडक लागतो. एक भाऊ शेत कसतो आणि दुसरा पुण्यात असतो, एवढ्याने दुसऱ्याचा हिस्सा बुडत नाही. त्याचा हिस्सा उघडपणे नाकारून त्याला बाहेर ठेवल्याचं दाखवावं लागतं.

२०१९ पासून कब्जेदाराला या आधारावर स्वतःहून दावाही लावता येतो. त्याआधी २०१३ च्या एका निकालाने ही बाजू फक्त बचावापुरती ठेवली होती. आणि मालकासाठी एवढंच: दरवर्षी पाठवलेल्या नोटिशीने मुदत थांबत नाही, ती थांबवायला दावाच दाखल करावा लागतो.