व्हाइन की वाइन? इंग्रजीच्या दोन 'व'चा सराव असा घ्या

धर्माबादच्या वर्गात मराठी आणि तेलुगू बोलणारी लेकरं एकाच बाकावर बसतात. दोन्ही भाषांत 'व' एकच, इंग्रजीत मात्र दोन. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यूला ओठ गोल होतात. आपण व्ही 'व्ह' असा लिहितो, त्यामुळं दात टेकायचे सोडून लेकरं 'ह'चा श्वास सोडतात. मग वेल म्हणायचा अन् ऐकणाऱ्याला दारू ऐकू येते!

बोलायला लावायची घाई करू नये. आधी कान. गुरुजींनी तोंडासमोर वही धरून अशा जोडीतले दहा शब्द म्हणावेत. व्हीला डावा हात, डब्ल्यूला उजवा. आठ बरोबर येईपर्यंत ऐकण्याचाच सराव.

मग आरसा. डब्ल्यूसाठी 'उ' म्हणून पुढं सरकायचं: उ-एट, उएट, वेट. दात ओठाला लागू द्यायचे नाहीत. व्हीसाठी दात टेकवून भुंग्यासारखा आवाज तीन सेकंद धरायचा. गळ्यावर बोट ठेवा. थरथर नसेल तर तो 'फ' झाला.

शेवटी जोडीदाराला पाठ करून बसवा. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं ऐकलेला शब्द लिहायचा. लिहिलेलं चुकलं की उच्चार कुठं घसरला ते लगेच कळतं.

आठवडाभरानं काही लेकरं 'व्हेरी'लाही ओठ गोल करतात. रागावू नका, ती नव्या सवयीची चूक आहे. दोन्ही अक्षरं असलेलं एकच वाक्य सावकाश म्हणवून घ्या. साहेबी थाट आणायची गरज नाही, अर्थ बदलतो तेवढंच सुधारा.